पंचवीसच्या दरात काय नव्हतं

फ्रीलान्स कामाला लागून तिसरं वर्ष चालू होतं, तेव्हा माझं उजवं मनगट दुखायला लागलं. आधी नुसती कळ यायची, मग रात्री झोपेतून जाग यायला लागली, आणि एका सकाळी माउस धरून हलवताच येईना. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि सहा आठवडे या हाताने काम बंद असं सांगितलं. मी पुस्तकांची मांडणी करते. उजव्या हाताविना माझ्या धंद्यात काहीच होत नाही.

त्या सहा आठवड्यांत मी डाव्या हाताने एकच उद्योग केला, तो म्हणजे हिशेब. त्याआधी हिशेब केला नव्हता असं नाही. दर ठरवताना केला होता, आणि तो बरोबर आहे अशी माझी खात्री होती. माझा तासाचा दर होता २५. (आकडे कुठल्या चलनातले ते सोडून द्या. सगळे एकाच प्रमाणात छोटे केले आहेत, म्हणजे वाचता वाचता आकडेमोड करता येईल.) नोकरीत असताना हातात पगार यायचा महिन्याला १,६००, आणि महिन्याचे कामाचे तास साधारण १६०. म्हणजे तासाला १०. सुरुवातीला मी १२ घेत होते आणि आपण पगारापेक्षा पाचवा हिस्सा जास्त घेतोय असं मला वाटत होतं. महिनाअखेरीला पैसे पुरेनात म्हणून दर वाढवत गेले आणि तिसऱ्या वर्षी २५ वर येऊन थांबले, कारण तिथे घर पूर्वीसारखं चालायला लागलं. तीच खरेदी, तीच बिलं, वर्षाला तेच १९,२०० हातात. नोकरी सोडून माझं काही बिघडलं नाही, असं मी मनापासून म्हणत होते.

मनगटाने दाखवून दिलं की काय बिघडलं होतं. सहा आठवडे काम नाही म्हणजे कामाचे ३० दिवस गेले. माझ्या चालीने त्यात १५६ तास बिलात लागले असते, म्हणजे ३,९०० बुडाले. त्या जागी यायला काहीच नव्हतं. आजारपणाची रजा नव्हती. विमा होता तो नोकरीबरोबर संपला होता आणि नवा घ्यायचा राहून गेला होता. शिल्लक म्हणावी असं जे होतं ते पुढच्या कराच्या हप्त्यासाठी ठेवलेलं होतं, आणि मी ते खाल्लं.

पट्टा बांधलेल्या हाताने मी कपाटातून शेवटचं पगारपत्रक शोधून काढलं. नोकरीत असताना दर महिन्याला ते यायचं आणि मी खालची ओळ तेवढी बघायची. आता पहिल्यांदा वरून वाचत आले. निवृत्ती निधीत माझ्याकडून कापलेली रक्कम, तेवढीच मालकाने घातलेली. आरोग्य विम्याचा हप्ता मालकाने भरलेला. कर आधीच कापलेला. शिल्लक रजा इतके दिवस. आणि त्या कागदावर नसलेल्या, पण त्याच पैशातून चालणाऱ्या गोष्टी वेगळ्याच: कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर, खुर्ची, हिशेबनीस, आणि टेबलावर काम नसलं तरी १ तारखेला येणारा पगार. मी खालच्या ओळीची बरोबरी केली होती. वरच्या सगळ्या ओळी माझ्या २५ मध्ये आल्याच नव्हत्या.

म्हणून कागद घेतला आणि वर्षाला किती लागतं ते नव्याने मांडलं. घरासाठी १९,२००. निवृत्तीसाठी माझा आणि मालकाचा असे दोन्ही हिस्से आता मलाच घालायचे, ते २,४००. आरोग्य विमा आणि अपघाताने किंवा आजाराने काम थांबलं तर काही रक्कम देणारा विमा, दोन्ही मिळून १,६००. आणि राखीव निधी. तीन महिन्यांचा घरखर्च म्हणजे ४,८०० होतात, तो एकदम कुठून येणार? चार वर्षांत जमवायचा ठरवला तर वर्षाला १,२००. बेरीज झाली २४,४००.

साधनांचा हिशेब मी वेगळा ठेवला, कारण तो खर्च धंद्याचा आहे आणि उत्पन्नातून आधी वजा होतो. कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून ३,२०० चे. चार वर्षं चालतात असं धरलं तर वर्षाला ८००. घेतला त्या वर्षी ३,२०० आणि पुढची तीन वर्षं शून्य असं मांडणं चूक आहे, कारण पाचव्या वर्षी तो बंद पडतो तेव्हा खिशात त्याचे पैसे नसतात. सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन महिन्याला ५०, म्हणजे ६००. फॉन्टचे परवाने, इंटरनेट, वीज, बॅकअपची जागा मिळून ६००. हिशेबनिसाचे ४००. एकूण २,४००.

कराच्या बाबतीत मी एक चूक केली होती, आणि माझ्या ओळखीचे बरेच जण ती अजून करतात. माझ्या नफ्यावर सगळं धरून कर बसतो साधारण २० टक्के. मग २४,४०० वर २० टक्के चढवायचे, म्हणजे २९,२८०, असं वाटतं. पण कर बसतो तो २९,२८० वर. त्याचे २० टक्के ५,८५६. ते गेले की उरतात २३,४२४, आणि लागणार होते २४,४००. जवळजवळ हजाराची तूट सरळ दिसत असून दिसत नाही. २० टक्के गेल्यावर २४,४०० उरायला हवेत, म्हणजे २४,४०० हे मुळातल्या रकमेचे ८० टक्के आहेत. म्हणून चढवायचं नाही, भागायचं. २४,४०० भागिले ०.८, उत्तर ३०,५००. करात ६,१०० जातात आणि २४,४०० हातात राहतात.

हे २० टक्के माझे आहेत. तुमचे किती ते मागच्या वर्षी भरलेल्या एकूण कराला मागच्या वर्षीच्या नफ्याने भागून काढावं. सर्वांत वरच्या टप्प्याचा दर धरला तर आकडा फुगतो, खालच्या टप्प्याचा धरला तर तूट येते. पुष्कळ देशांत स्वतःचा धंदा करणाऱ्याला सामाजिक सुरक्षेची वर्गणी मालकाच्या हिश्श्यासकट भरावी लागते. तशी असेल तर तीही या टक्क्यांत धरायची. निवृत्तीत घातलेल्या पैशावर कुठे सवलत मिळते, कुठे नाही. मी हिशेबात ती धरली नाही, मिळाली तर राखीव निधीत जाते. आणि ग्राहकाकडून घेऊन सरकारला भरायचा विक्रीवरचा कर दरात मिसळू नका. तो आपल्या खात्यातून नुसता जातो. तो आपला समजून खर्च केला की भरायच्या तारखेला फार वाईट अवस्था होते.

३०,५०० मध्ये साधनांचे २,४०० मिळवले, ३२,९०० झाले. मी ३३,००० धरते.

इथपर्यंत सगळे येतात. खर्चाची यादी करायला जड जात नाही, उलट यादी लांबली की आपण फार काटेकोर आहोत असं वाटतं. अवघड असतो तो खालचा आकडा, ज्याने ३३,००० ला भागायचं. वर्षात मी तास विकते तरी किती?

वर्षात आठवड्याचे पाच दिवस धरून २६० दिवस होतात. सार्वजनिक सुट्ट्या १०, माझी रजा १५ दिवस, ताप-सर्दी-दाढदुखी ७ दिवस. उरले २२८. ते गुणिले ८ तास म्हणजे १,८२४. मी मनातल्या मनात नेहमी हाच आकडा धरत आले होते, किंबहुना सुट्ट्याही वजा न करता २,००० च्या आसपास. पण ते आठ तास म्हणजे टेबलापाशी बसण्याचे तास. बिलात लागणारे तास किती, हे मला ठाऊकच नव्हतं. अंदाज विचारला असता तर सात म्हटलं असतं.

हात बरा झाल्यावर मी वहीत वेळा लिहायला सुरुवात केली. काम बदललं की वेळ लिहायची, आणि ते काम कुठल्या तरी पुस्तकाच्या बिलात जाणार असेल तर पुढे बरोबरची खूण करायची, एवढंच. एका मंगळवारचं पान असं आहे. ९:१० ते ९:५० मेल. ९:५० ते १२:२० पुस्तक, खूण. १२:२० ते १२:५० सॉफ्टवेअर अपडेट झालं, जुनी फाइल उघडेना. १:३० ते २:१५ एका चौकशीचं कोटेशन (ते काम पुढे आलंच नाही). २:१५ ते ४:३० पुस्तक, खूण. ४:३० ते ५:१५ थकलेल्या दोन बिलांची आठवण आणि बॅकअप. ५:१५ ते ५:४० फॉन्टच्या परवान्यात छापील आणि ई-पुस्तक दोन्ही बसतात का ते वाचणं. दिवस सात तास पन्नास मिनिटांचा. खुणा असलेले तास चार आणि तीन चतुर्थांश. त्या दिवशी मी एक मिनिटही वाया घालवलं नव्हतं. संध्याकाळी डोळे दुखत होते. बिलात मात्र पावणेपाच तास.

पहिल्या आठवड्याची सरासरी बघून मी घाबरले, दुसऱ्या आठवड्यात जरा बरी आली, तिसऱ्यात पुन्हा खाली. म्हणून सांगते, दोन-तीन आठवड्यांच्या नोंदीवर विसंबू नका. कराचा हप्ता, बंद पडलेला प्रिंटर, एखाद्या पुस्तकाची घाई, या गोष्टी दर आठवड्याला येत नाहीत. मी तीन महिने लिहिलं. हातात काम असलेल्या दिवसांची सरासरी आली ५.२ तास, म्हणजे पाच तास बारा मिनिटं. यात एक गोष्ट एकदाच ठरवून टाकावी लागते. पुस्तकाबद्दलचे फोन आणि मेल कुठे धरायचे? मी ते पुस्तकाच्या तासांत धरते आणि कोटेशनमध्येही त्यांचे तास लावते. कुणी ते बिलाबाहेर ठेवत असेल तर तसं ठेवावं. एकदा इकडे आणि एकदा तिकडे धरलं की एकतर तेच तास दोनदा मोजले जातात, नाहीतर एकदाही नाही.

हातात काम असलेले दिवस असं मी म्हटलं, कारण काही दिवस ते नसतं. जुन्या बिलांच्या तारखा लावून बघितल्या तर दोन कामांमधल्या रिकाम्या दिवसांची बेरीज वर्षाला सरासरी २५ होती. पाच आठवडे. आजवर मी त्याला माझं नशीब म्हणत होते. तारखा समोर आल्यावर कळलं की जवळजवळ प्रत्येक खंड एखाद्या मोठ्या पुस्तकानंतरचा आहे. मोठं पुस्तक चालू असताना मी कुणाला पत्र लिहीत नाही, नवीन चौकशीला सवडीने उत्तर देते, आणि पहिल्या बोलण्यापासून काम सुरू होईपर्यंत माझ्या धंद्यात सहज दोन महिने जातात. त्यामुळे पुस्तक संपतं त्या दिवशी जो रिकामपणा येतो तो दोन महिन्यांपूर्वीच पेरलेला असतो. हे कळल्यावर खंड कमी करता येतात. आठवड्याला दोन तास पुढच्या कामासाठी राखले तर होतातही. पण ते दोन तास बिलाबाहेरचेच. खंडातून वजा केलेलं सरासरीत कुठेतरी मोजावंच लागतं.

तर २२८ मधून २५ गेले, २०३ दिवस. गुणिले ५.२ तास. १,०५६ तास. टेबलापाशी बसण्याचे १,८२४ आणि विकले जाणारे १,०५६.

३३,००० भागिले १,०५६. उत्तर ३१.२५.

माझा दर होता २५. सव्वासहाचा फरक. हे बघून मला प्रथम बरंच वाटलं, फार मोठी चूक नव्हती म्हणून. मग मी उलटा हिशेब केला, आणि तो मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २५ गुणिले १,०५६ म्हणजे २६,४००. साधनांचे २,४०० गेले, उरले २४,०००. त्यावर २० टक्के कर ४,८००. हातात १९,२००.

बरोबर माझा जुना पगार. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. घर पूर्वीसारखं चालत होतं ते खरंच होतं. कर भरला जात होता, सबस्क्रिप्शन चालू होतं, नवा मॉनिटरसुद्धा घेता आला होता. ज्या गोष्टी आठवण करून देतात, तारीख चुकली तर दंड लावतात, त्या सगळ्यांचे पैसे २५ मध्ये होते. जे दारात येऊन मागत नाहीत, त्यांचे नव्हते: म्हातारपण, आजारपण आणि रिकामे महिने. निवृत्तीचे २,४००, विम्याचे १,६००, राखीवचे १,२००, मिळून ५,२००, आणि तेवढे हातात राहायला करासकट हवेत ६,५००. ३३,००० आणि २६,४०० यांतला फरकही जवळजवळ तेवढाच. कमी दर पोटाला चिमटा काढत नाही, म्हणून तो ओळखू येत नाही. मला तीन वर्षं आला नाही. मनगट दुखलं नसतं तर अजून दहा वर्षं आला नसता.

हे ओळखायची एक सोपी खूण आता माझ्याकडे आहे. वर्षअखेरीला निवृत्तीच्या आणि राखीव निधीच्या खात्यात वर्षाच्या सुरुवातीपेक्षा किती जास्त आहे ते बघायचं. तिथे काही वाढलं नसेल आणि तरी वर्ष छान गेलं असं वाटत असेल, तर दर कमी आहे.

मी याच हिशेबाच्या कागदावर आणखी एक गोष्ट करून बघितली. साधनांचा खर्च दुप्पट झाला तर दर किती वाढवावा लागेल? २,४०० जास्त, म्हणजे तासाला ३३.५. वाढ सव्वादोनची. आणि रोजचे बिलातले तास ५.२ ऐवजी ४.२ निघाले तर? वर्षाचे तास उरतात ८५३, आणि दर जातो ३८.७ वर. वाढ जवळजवळ साडेसातची. दिवसातला एक तास चुकीचा धरणं हे सगळी साधनं दुप्पट महाग होण्यापेक्षा तिपटीने जास्त महागात पडतं. मी स्वस्त सॉफ्टवेअर शोधण्यात दोन-दोन दिवस घालवले आहेत. तेवढ्या दिवसांत वही भरली असती तर जास्त उपयोग झाला असता.

३१.२५ हा पुन्हा दराचा तळ आहे, किंमत नव्हे. बाजार त्याला बांधलेला नाही. काम देणारा माझ्या दाढदुखीचे सात दिवस बघून पैसे देत नाही, त्याला ते पुस्तक किती मोलाचं आहे ते बघून देतो. एखाद्या कामाला बाजार ४५ देत असेल तर तिथे ३१.२५ मागण्याचं काही कारण नाही. आणि बाजार २० च देत असेल तर या हिशेबाने तो वर जाणार नाही. तेव्हा निदान कळतं की हे काम पूर्णवेळ धंदा म्हणून चालणारं नाही. दुसऱ्या प्रकारचं काम शोधावं, किंवा हे अर्धवेळ करावं आणि विमा-निधी दुसऱ्या नोकरीतून यावा. हे कळायला वाईट वाटतं, पण चौथ्या महिन्यात कळलेलं चौथ्या वर्षात कळण्यापेक्षा बरं.

दर वाढवायची भीती मला खूप होती. जुने पाच ग्राहक होते, आणि सव्वापट दर सांगायचा म्हणजे सगळे जातील असं वाटायचं. मग तेही मांडून बघितलं. पाचवा हिस्सा काम गेलं तर उरतात ८४५ तास, आणि ते गुणिले ३१.२५ म्हणजे पुन्हा २६,४००. तेच उत्पन्न, आणि २११ तास मोकळे, नवीन काम शोधायला. एवढं लिहून झाल्यावर मी दोन महिने आधी सगळ्यांना पत्रं पाठवली: अमुक तारखेनंतर सुरू होणाऱ्या कामांना नवा दर, हातातली कामं जुन्या दरानेच पुरी करीन. तिघे राहिले, एकाने काम कमी केलं, एक गेला.

प्रत्यक्षात मी तासाचा दर फारसा कुणाला सांगत नाही. पुस्तकाला एकरकमी भाव सांगते. तासाचा दर माझ्या वहीत राहतो, आणि त्यावरून भाव निघतो. पत्रांनंतर आलेल्या पहिल्याच नव्या पुस्तकाचं सांगते. २४० पानं, साधा मजकूर, तळटीपा भरपूर. साध्या पानाला माझ्या नोंदीनुसार १० मिनिटं, म्हणजे ४० तास. तीन नमुना मांडण्या ६ तास. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या, प्रत्येकी ६, म्हणजे १२. छपाईची फाइल आणि शेवटची तपासणी ४. फोन-मेल ४. बेरीज ६६ तास.

६६ ला दराने गुणून भाव सांगायचा मोह होतो. पण माझ्या वहीत मागच्या नऊ पुस्तकांचे अंदाज आणि खरे लागलेले तास शेजारी-शेजारी आहेत, आणि सरासरीने मी १० तास म्हटलं तिथे १२ लागले आहेत. कधी जास्त, कधी कमी, पण माझा अंदाज जवळजवळ नेहमी एकाच बाजूला चुकतो. तासाने पैसे घेतले तर ही चूक ग्राहकाच्या अंगावर जाते, एकरकमी घेतले तर माझ्या. म्हणून ६६ गुणिले १.२, साधारण ८० तास. ८० गुणिले ३१.२५, भाव २,५००. पत्रात लिहिलं की दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या यात आहेत, तिसरी लागली तर तिचे तास वेगळे. ही ओळ नसलेलं एक पुस्तक मी पूर्वी सात फेऱ्यांपर्यंत केलं आहे. ते संपलं तेव्हा तासाला किती पडले ते काढलं, तर माझ्या अगदी पहिल्या १२ च्याही खाली गेले होते.

दोन दिवसांनी प्रकाशनातल्या बाईंचा फोन आला.

"ताई, तुमचं काम आवडतं आम्हाला, पण २,५०० नाही बसत हो. २,२०० करा ना."

पूर्वी मी "बरं, तुमच्यासाठी" म्हणून फोन ठेवला असता. आता समोर ६६ तासांची फोड होती.

"करते की. पण मग काम थोडं कमी करू. तीन नमुन्यांऐवजी एकच नमुना देते, त्यात चार तास वाचतात. आणि तळटीपांचे क्रमांक तुमच्या संपादकांकडून पक्के होऊन आले तर माझे आणखी चार वाचतील."

"म्हणजे काय करायचं आम्ही?"

"फाइल यायच्या आधी कुणीतरी एकदा सगळ्या तळटीपा मजकुराशी लावून बघायच्या. मी मांडणी सुरू केल्यावर मधली एक वाढली की पुढची सगळी पानं सरकतात, वेळ तिथेच जातो."

आठ तास गुणिले १.२ गुणिले ३१.२५ म्हणजे बरोबर ३००. दर तोच राहिला, काम कमी झालं, आणि त्यांना हवा तो आकडा मिळाला. त्या म्हणाल्या, "चालेल. तळटीपा मीच बसून बघते." निम्मी रक्कम आधी, निम्मी फाइल दिल्यावर असं ठरलं.

दरात खंड धरला म्हणजे खंडाचा बंदोबस्त झाला, असंही मला काही दिवस वाटलं होतं. तसं होत नाही. दर वर्षाचा हिशेब जुळवतो. महिन्याचा जुळवायला हातात रोकड लागते. वर्षभराचे ३३,००० पुरे असले तरी त्यातले बरेच शेवटच्या चार महिन्यांत आले तर मधल्या महिन्याचं भाडं त्यातून देता येत नाही. शिवाय बिल दिलं आणि पैसे आले यांत अंतर असतं. कागदावर ३० दिवसांची मुदत, प्रत्यक्षात माझ्या नोंदीत ४० च्या आसपास. खंडानंतर नवीन काम सुरू झालं तरी त्याचे पैसे यायला ते काम पुरं होण्याचे आठवडे आणि वर हे ४० दिवस लागतात. म्हणजे पाच आठवड्यांचा खंड खात्यात तीन महिन्यांचा दिसू शकतो. राखीव निधी तीन महिन्यांच्या खर्चाइतका ठरवला तो यासाठी. निम्मी रक्कम आधी मागते तेही यासाठीच.

हा निधी भरत जाईल याची एकच पद्धत मला जमली: पैसे आले त्याच दिवशी वाटून टाकणं. महिनाअखेरीला उरेल ते बाजूला टाकू म्हटलं की उरत नाही. चार खाती आहेत, घराचं, कराचं, साधनांचं, आणि निवृत्ती-विमा-राखीव यांचं एक. त्या पुस्तकाचे २,२०० म्हणजे वर्षाच्या ३३,००० चा बरोबर पंधरावा भाग, त्यामुळे वाटणी सोपी गेली. दुसरा हप्ता बिल दिल्यापासून ३८ व्या दिवशी आला. दोन्ही हप्ते मिळून कराच्या खात्यात ४०७ गेले, साधनांच्या १६०, निवृत्तीला १६०, विम्याला १०७, राखीवला ८०. वरचे सहा-सात सुटे राहिले, तेही राखीवमध्ये टाकले. घराच्या खात्यात आले १,२८०. पूर्वी मी तिथे २,२०० आले असं समजले असते.